नकार मिळाल्यानंतरही टिकून राहिलेली आशा : सोलापुरातील एक प्रकरण

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, गड्ड्याची यात्रा अजून होम मैदानावर भरलेली असताना, अठ्ठावीस वर्षांची एक तरुणी माझ्याकडे समुपदेशनासाठी आली. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेलचा एक कारखाना आहे आणि त्याच्या कार्यालयात ती बिलिंगचे काम पाहते. त्याच कार्यालयात डिस्पॅच सांभाळणाऱ्या सहकाऱ्यावर तिचे दोन वर्षांपासून प्रेम होते. हे लेखन तिच्या परवानगीने करीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावे कोणाचीच दिलेली नाहीत. तिला ‘ती’ आणि त्याला ‘सहकारी’ एवढेच म्हणणार आहे.

तिचे पहिलेच वाक्य असे होते : ‘‘मॅडम, त्याने मला स्पष्ट नाही सांगितलंय, तरी माझं मन मानत नाही. माझ्यात काहीतरी बिघाड आहे का?’’ कोजागिरीच्या रात्री कार्यालयातील सगळे एकाच्या गच्चीवर जमले होते, तेव्हा तिने धीर करून त्याला मनातले सांगितले होते. त्याचे उत्तर तिला शब्दन् शब्द पाठ होते : ‘‘तू माझी जवळची मैत्रीण आहेस, पण तसं माझ्या मनात नाही, आणि पुढे येईल असंही वाटत नाही.’’ माझ्या अनुभवात इतका स्वच्छ नकार क्वचित मिळतो. ‘सध्या नको’, ‘घरच्यांना विचारतो’, ‘बघू’ अशा पळवाटा त्यात नव्हत्या. तरीही साडेतीन महिन्यांनी तिची झोप उडालेली होती, जेवण कमी झाले होते आणि एका टॉवेल खरेदीदाराच्या बिलात तिने चुकीचा दर टाकल्यामुळे मालकाकडून बोलणीही खावी लागली होती.

पहिल्या भेटीत मी काही प्रश्न सरळ विचारले. जीव नकोसा वाटतो का, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, त्याच्या घराभोवती किंवा त्याच्या मागे जाणे होते का? तिन्हींची उत्तरे नाही अशी होती. यातील एकाचेही उत्तर होय असते, तर पुढची वाट वेगळी झाली असती. पहिल्या दोन बाबतींत मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी लागते आणि रात्री-अपरात्री बोलण्यासाठी शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिसऱ्या बाबतीत समोरच्या व्यक्तीची सुरक्षितता हा पहिला विषय होतो आणि प्रेमाचे बोलणे नंतर येते. येथे तसे काही नव्हते. समोर होती ती एक कर्तव्यदक्ष, विचारी मुलगी, जिचे मन बुद्धीचे ऐकत नव्हते.

मला महत्त्वाचा वाटला तो नकारानंतरच्या साडेतीन महिन्यांचा तपशील, कारण खरे उत्तर त्यातच दडलेले होते. नकार दिल्यानंतर सहकारी तिच्याशी तुटकपणे वागला नव्हता. उलट तो पूर्वीपेक्षा अधिक सांभाळून घेऊ लागला होता. दुपारी चारच्या चहाला तो तिला आवर्जून हाक मारी. एकदा घरून शेंगाचटणीचा डबा भरून तिच्यासाठी घेऊन आला. कंपनीची बस चुकली तर तिला गाडीवरून सात रस्त्यापर्यंत सोडी. मात्र यातले काहीच ठरलेले नसे. एखाद्या आठवड्यात तीनदा गाडीवरून सोडणे होई, तर पुढचे दहा दिवस तो साधा ‘येतेस का?’ असेही विचारत नसे. संक्रांतीच्या सुमारास सगळे मिळून नंदीध्वजांची मिरवणूक पाहायला गेले आणि परतताना गर्दीत त्याने तिच्या पिशवीचा बंद धरून तिला वाट काढून दिली. त्या एका पिशवीच्या बंदावर ती पुढचे दोन आठवडे जगत होती.

प्रतिसाद न मिळणाऱ्या अशा ओढीला मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनॉव्ह यांनी १९७९ मध्ये लिमरन्स असे नाव दिले आणि तिचे एक लक्षण आग्रहाने मांडले. ही ओढ पूर्ण नकाराने वाढत नाही आणि पूर्ण होकारानेही वाढत नाही. आशा आणि अनिश्चितता यांच्या मिश्रणावर ती पोसली जाते. याच्या मुळाशी शिकण्याचा एक जुना नियम आहे. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कबुतरांवरील प्रयोगांत, चोच मारल्यावर दाणा कधी मिळे, कधी मिळत नसे आणि पुढचा कधी मिळेल हे कळायला मार्ग नसे. अशा कबुतरांनी दाणे पूर्ण बंद झाल्यावरही चोच मारणे फार काळ सोडले नाही. दर वेळी दाणा मिळालेल्यांनी मात्र ते लवकर सोडले. माणूस कबुतर नाही हे खरे, पण सहकाऱ्याच्या अनियमित चांगुलपणाने तिच्या मनाला नेमकी हीच सवय लावली होती. तिच्यात बिघाड नव्हता. तिचे मन मिळणाऱ्या दाण्यांचा हिशोब अगदी बरोबर ठेवत होते.

मग सहकारी असे का वागत होता? तिच्या मनाला हवे असलेले उत्तर एकच होते, ‘आतून त्यालाही काहीतरी वाटत असणार.’ मी तिला दुसरी शक्यता दाखवली. बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एकतर्फी प्रेमाच्या दोन्ही बाजूंच्या लोकांकडून त्यांच्या हकिगती लिहून घेतल्या होत्या. त्यांत नकार देणाऱ्यांच्या लिखाणात अपराधीपणा ठळकपणे दिसला. प्रेम करणाऱ्याने काय करावे, याचे नमुने गाण्यांत आणि गोष्टींत सापडतात. नकार देणाऱ्याने दुसऱ्या दिवशी कार्यालयात कसे वागावे, हे कोणी शिकवत नाही. म्हणून तो गोड बोलून भरपाई करू पाहतो आणि ती भरपाई समोरच्याला आशा वाटते. सहकाऱ्याच्या मनात काय होते, हे मी सांगू शकत नव्हते आणि तसे तिला सांगितलेही नाही. एवढेच म्हटले, की त्याने जे तोंडाने सांगितले आहे ते खरे मानायचे आणि त्याच्या वागण्याचे अर्थ लावणे तूर्त बाजूला ठेवायचे.

कामाला सुरुवात मोजण्यापासून केली. तिने शंभर पानी वही घेतली आणि तीन रकाने पाडले : वेळ, काय घडले, मनाने त्याचे काय केले. शिवाय रात्री झोपताना दिवसभराच्या ओढीला शून्य ते दहा असा एक आकडा द्यायचा. ‘‘मी त्याचं व्हॉट्सअॅप दिवसातून पाच-सहा वेळा बघते,’’ असे ती म्हणाली होती. पहिल्या दिवशी प्रत्येक वेळेला एक उभी रेघ ओढल्यावर चौतीस रेघा झाल्या. तो शेवटचा कधी ऑनलाइन होता, डीपी बदलला का, आपल्या निरोपावर निळ्या खुणा आल्या का, एवढेच ती पाहत असे. प्रत्येक वेळ फार तर दहा सेकंदांची होती. म्हणूनच ती तिच्या हिशोबात येत नव्हती आणि म्हणूनच ती ओढीला दिवसभर पोसत होती. ती वही माझ्यासमोर ठेवताना तिचे हात थरथरत होते. मी रेघांविषयी काही बोलले नाही. फक्त वहीतील दुसरा रकाना तिला मोठ्याने वाचायला सांगितला.

पहिल्या आठवड्यात त्याच्याशी आलेल्या संपर्काच्या एकूण एक्केचाळीस नोंदी होत्या. त्यांतल्या किती कामासाठी आवश्यक होत्या, असे मी विचारले. तिने पेन्सिलीने खुणा केल्या आणि अकरा मोजल्या : चलनाची प्रत, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टची पावती, पॅकिंग लिस्टमधील गाठींच्या संख्येतला फरक. उरलेल्या तीस कामापलीकडच्या होत्या. एकाच कार्यालयात काम करणाऱ्यांना संबंध पूर्ण तोडा हा सल्ला देता येत नाही आणि दिला तर तो फसतो, कारण पहिल्याच चलनाला तो मोडतो आणि माणूस स्वतःला हरलेला समजतो. अकरा ठेवायच्या आणि तीस हळूहळू सोडायच्या, ही मात्र करता येण्यासारखी गोष्ट होती.

या टप्प्यावर माझ्याकडून एक चूक झाली, ती नोंदवली पाहिजे. मी तिला चारचा चहा लगेच बंद करायला सांगितले. ती जागेवरच बसून राहू लागली आणि तीन दिवसांत सगळ्या विभागात कुजबूज सुरू झाली. पॅकिंगमधल्या एका मावशींनी तर सगळ्यांसमोर ‘भांडण झालं का गं तुमचं?’ असे विचारले. सहकारीही गोंधळला आणि त्याने रात्री फोन करून ‘माझं काही चुकलं का?’ अशी चौकशी केली. म्हणजे मिळायला नको तो दाणा, आणि तोही मोठा, माझ्या सल्ल्यामुळे मिळाला. एकाच इमारतीत दिवसाचे नऊ तास घालवणाऱ्या माणसांत एकाने न सांगता बदल केला, तर दुसरा त्याचे कारण शोधत येणारच. हे मला आधीच कळायला हवे होते.

पुढच्या भेटीत आम्ही त्याला सांगायचे शब्द मिळून तयार केले. ते छोटे असावेत, त्यांत दोष देणे नसावे, उत्तर मागणारा प्रश्न नसावा आणि शेवटी त्याने काय करायचे ते स्पष्ट असावे, एवढी पथ्ये ठेवली. तिने लिहिलेला पहिला मसुदा दीड पानांचा होता. त्यातील बहुतेक वाक्ये त्याच्याकडून सांत्वन मिळवण्यासाठी होती आणि हे तिच्या स्वतःच्याच लक्षात आले. शेवटी दुपारी, दिवसाउजेडी, डिस्पॅचच्या दारात उभे राहून ती एवढेच बोलली : ‘‘तू कोजागिरीला सांगितलंस ते मला पटलंय. पण मनाला सावरायला मला थोडं अंतर पाहिजे. म्हणून काही महिने गाडीवर सोडणं, रात्रीचं चॅटिंग आणि खास माझ्यासाठी काही आणणं नको. कामाचं बोलू, चहाला सगळ्यांबरोबर असू. मी रागावलेली नाही.’’ त्याने ‘बरं’ म्हटले, थोडा वेळ खाली पाहिले आणि मग म्हणाला, ‘‘मलाही कळत नव्हतं कसं वागावं ते.’’ तिने ते वाक्य मला सांगितले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण त्यात आशेचा धागा शोधण्याचा प्रयत्न या वेळी तिने केला नाही.

मिळणारे बंद झाले, की ओढ आधी वाढते. दाणे बंद झाल्यावर कबुतरही सुरुवातीला पूर्वीपेक्षा जोराने चोच मारते. हे आधी सांगून ठेवले नाही, तर बहुतेक लोक नेमके याच ठिकाणी मागे फिरतात, कारण वाढलेल्या ओढीचा अर्थ ते ‘हे खरं प्रेम आहे, म्हणूनच जात नाही’ असा लावतात. तिला मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिले होते, की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आकडे चढतील. दुसऱ्या आठवड्यात रेघा एका दिवशी बावन्नपर्यंत गेल्या. त्या रात्री तिने त्याला निरोप टाइप केला, पुसला, पुन्हा टाइप केला, आणि शेवटी फोन आईच्या उशाखाली ठेवून स्वयंपाकघरात ओट्याशी बसून राहिली. तीन आठवड्यांनी रेघा वीसच्या आत आल्या. त्याचा नंबर तिने फोनमधून काढला नाही, कारण कामासाठी तो लागणारच होता. फक्त त्याची चॅट अर्काइव्हमध्ये टाकली आणि त्याचे स्टेटस म्यूट केले. बोटाला दोन पायऱ्या जास्त चढाव्या लागल्या की दहा सेकंदांची सवय अडखळते, एवढाच त्याचा उपयोग होता, पण तो खरा उपयोग होता.

त्यानंतर वहीने आम्हाला अशा ठिकाणी नेले, ज्याचा मी आधी विचार केला नव्हता. एका लिंबाच्या झाडाचा उल्लेख वहीत पुन्हा पुन्हा येत होता. कारखान्याच्या मागे त्या झाडाखाली सगळे चहा पीत आणि सहकाऱ्याशी झालेली जुनी बोलणी तिने आठवून लिहिली होती. मी तिला त्या बोलण्यांपुढे विषय कोणाचा होता एवढेच लिहायला सांगितले. एकवीस आठवणींपैकी एकोणीस ठिकाणी विषय त्याचा होता : त्याच्या बहिणीचे लग्न, त्याची गाडी, त्याचा वरिष्ठांवरचा राग. तिच्या वडिलांना दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता, भाऊ पुण्याला होता आणि घरचे सगळे तिच्यावर होते. त्या वडिलांविषयी त्याने दोनदा विचारले होते. ती बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘तो वाईट नाही हो मॅडम. पण तो मला ओळखतच नाही.’’

समोरच्याच्या उण्या बाजू आठवणे हा उपाय अभ्यासला गेलेला आहे. लांगेस्लाग आणि सांचेझ यांनी २०१८ मध्ये प्रेमसंबंध तुटल्यामुळे दुःखी असलेल्या लोकांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले, की जोडीदाराविषयी नकारात्मक विचार केल्याने प्रेमाची भावना कमी झाली, पण त्या वेळी मनःस्थितीही खालावली. उलट लक्ष दुसरीकडे वळवल्याने बरे वाटले, पण प्रेम कमी झाले नाही. मला या निष्कर्षाची किंमत वाटते, कारण ‘कामात मन रमव, विसरशील’ हा आपल्याकडचा सर्वांत सोपा सल्ला का अपुरा पडतो, ते त्यातून कळते. मात्र हा उपाय मी जपून वापरते. ज्या माणसाशी रोज बोलायचे आहे त्याला मनात राक्षस केले, तर कार्यालयात वागणे कठीण होते. शिवाय तो एक दिवस सहज चांगला वागला, की सगळी रचना कोसळते. म्हणून आम्ही त्याचे दोष लिहिले नाहीत. दोघांच्यामध्ये काय नव्हते एवढेच लिहिले, आणि तेही आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटे, संध्याकाळी सात वाजता. त्यानंतर ती उठून सिद्धेश्वर तलावाच्या काठाने एक फेरी मारून घरी जात असे, म्हणजे खालावलेले मन घेऊन ती थेट वडिलांच्या औषधांच्या वेळेत शिरत नसे.

घराबद्दल थोडेच लिहिते, पण त्याशिवाय हे प्रकरण पुरे होणार नाही. त्या दीड वर्षात चारचा चहा हीच तिच्या दिवसातील एकमेव वेळ होती, जेव्हा तिच्याकडून कोणाला काही नको असे. सहकाऱ्याबद्दलच्या ओढीत या वीस मिनिटांच्या विश्रांतीचा वाटा मोठा होता. भावाशी बोलून महिन्यातील दोन शनिवार-रविवार त्याने सोलापूरला येऊन वडिलांकडे पाहायचे ठरले. ते ठरवायला सहा फोन आणि एक कडाक्याचे भांडण लागले. रविवारी मिळालेला तो वेळ ती सुरुवातीला नुसता झोपून काढी.

मे महिन्यात सहकाऱ्याची सुपारी फुटली. कार्यालयात पेढे वाटले गेले आणि भेटीसाठी वर्गणी गोळा करायचे काम, हिशोब चोख म्हणून, तिच्याकडेच आले. त्या रात्री वहीतील आकडा नऊ होता. एप्रिलच्या शेवटी तो तीनवर आलेला होता. ती घाबरून दुसऱ्याच दिवशी आली आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, असे म्हणाली. मी तिला वही मागे उलटायला लावली. चहा बंद केल्यावर आलेल्या त्याच्या रात्रीच्या फोननंतर आकडा नऊवरून पाचवर यायला सोळा दिवस लागले होते. मार्चमध्ये मालाच्या गडबडीत दोघांना रात्री आठपर्यंत थांबावे लागले, तेव्हा सात दिवस लागले. आता किती लागतात ते पाहू, एवढेच म्हटले. चार लागले.

हे मला पुन्हा पुन्हा दिसले आहे आणि म्हणून येथे सविस्तर नोंदवते. भावना ओसरते आहे की नाही, हे माणूस लाटेच्या उंचीवरून ठरवतो आणि निराश होतो, कारण उंच लाट शेवटपर्यंत अधूनमधून येते. लग्नपत्रिका, एखादे अत्तर, एखाद्या गाडीचा आवाज तिला पुरतो. पाहायचे असते ते लाट ओसरायला किती दिवस घेते ते, आणि दोन लाटांमध्ये किती दिवस जातात ते. आठवणीच्या भरवशावर हे कळत नाही, कारण दुःखात असताना जुने सगळे दिवस सारखेच दुःखी वाटतात. वहीतल्या आकड्यांचा खरा उपयोग तिला तेव्हा झाला.

लग्नाला जायचे की नाही, हा प्रश्न तिने जून महिन्यात आणला. मी मत दिले नाही. ती जेवणाच्या वेळी इतर सहकाऱ्यांबरोबर गेली, आहेर दिला, अक्षतांच्या आधी निघाली आणि त्या रात्रीचा आकडा सहा लिहिला. त्यापुढे कंसात ‘डोकं दुखलं, झोप लागली’ असे होते. पावसाळ्यात भेटी पंधरा दिवसांवर आणि नंतर महिन्यावर आणल्या. व्हॉट्सअॅपच्या रेघा तिने जुलैमध्ये मोजणे सोडले, कारण दिवसाला एखाददुसरीच पडत होती.

काही गोष्टी या प्रकरणात अनुकूल होत्या, हे लक्षात घेतले पाहिजे. नकार स्वच्छ होता. सहकाऱ्याने तिची विनंती पाळली आणि तिचे बोलणे कार्यालयात पसरवले नाही. दोघांत वरिष्ठ-कनिष्ठ असे नाते नव्हते. याऐवजी समोरचा माणूस सगळे कळूनही खुणावत राहणारा असता, किंवा तिचा पगार आणि बढती त्याच्या हातात असती, तर अकरा ठेवून तीस सोडण्याचा मार्ग चालला नसता आणि विभाग किंवा नोकरी बदलण्याबद्दल बोलावे लागले असते. सोलापूरसारख्या शहरात, जिथे टॉवेलच्या धंद्यातील सगळे एकमेकांना ओळखतात, तो निर्णयही सोपा नसतो.

नवरात्रानंतरच्या भेटीत ती वही आणायला विसरली होती. शेवटची नोंद कधी केली तेही तिला आठवेना. दिवाळीच्या आधी मालाची घाई होती, सहा गाड्या एकाच आठवड्यात भरायच्या होत्या, असे ती सांगत होती. बोलता बोलता ती थांबली आणि म्हणाली, की बुधवारी एका बिलाला ट्रान्सपोर्टची पावती जोडलेली नव्हती म्हणून तिने डिस्पॅचमध्ये फोन लावला, तेव्हा दुसऱ्याच मुलाने उचलला आणि साहेब सोमवारपासून रजेवर आहेत, असे तिला सांगितले.